तरंग, पाण्यावरचे (संगणकीय चित्रणातील)

पाण्याच्या चित्रित पृष्ठाला बोट, चेंडू किंवा होडी लागताच उठणारी वर्तुळे त्याच क्षणी गणिताने काढण्याची एक पद्धत. पृष्ठावर चौकटींची जाळी आहे असे मानतात आणि प्रत्येक चौकटीत पाण्याची उंची एवढा एकच आकडा ठेवतात. या उंच्यांच्या तक्त्याला हाइटफील्ड म्हणतात. पाण्याच्या आत काय चालले आहे याची चौकशी ही पद्धत करत नाही. तिचा वेग आणि तिच्या मर्यादा या दोन्हींचे मूळ तिथेच आहे.

पद्धतीचा गाभा जुना आहे. ताणलेल्या तारेचे तरंगसमीकरण झां द'अलांबेर याने 1747 मध्ये मांडले. संगणकीय चित्रणात हाइटफील्डच्या पाण्याला मायकल कास आणि गॅव्हिन मिलर यांच्या 1990 च्या निबंधाने वळण दिले. खेळांसाठीची सुटसुटीत मांडणी मॅथियास म्युलर यांनी 2008 मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितली. ब्राउझरमधले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे इव्हान वॉलेस यांचे 2011 चे ‘वेबजीएल वॉटर’. फरशीचा हौद, त्यात एक गोळा आणि माउसने ढवळता येणारे पाणी एवढाच त्याचा पसारा आहे. पुढचे विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

या हौदाचे पृष्ठ 256 × 256 चौकटींचे असून ते जीपीयूच्या स्मृतीत एका टेक्स्चरच्या रूपात असते. टेक्स्चरमध्ये एरवी रंग असतात. इथे लाल घटकात उंची आणि हिरव्या घटकात उभा वेग ठेवलेला असतो. उरलेल्या दोन घटकांत पृष्ठाचा कल ठेवतात, तो प्रकाशाचे परावर्तन काढताना कामी येतो. प्रत्येक पायरीला शेडर सर्व चौकटींवर एकाच वेळी चालतो. त्यातले महत्त्वाचे काम चार ओळींचे आहे (शेजारच्या चार उंच्या वाचण्याचा भाग इथे आखूड केला आहे):

```
average = (hL + hR + hD + hU) * 0.25;
info.g += (average - info.r) * 2.0;
info.g *= 0.995;
info.r += info.g;
```

चौकट शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा खाली असेल तर तिला वर जाण्याचा वेग मिळतो, वर असेल तर खाली येण्याचा. वेग शिल्लक राहत असल्याने ती सरासरीपाशी न थांबता पलीकडे जाते आणि शेजाऱ्यांनाही हलवते. तरंग पसरतो तो असा. ज्या टेक्स्चरमधून वाचायचे त्यातच लिहायचे नसते, म्हणून दोन टेक्स्चर ठेवून प्रत्येक पायरीला त्यांची अदलाबदल करतात. हे टाळले तर काही चौकटींना शेजाऱ्याची जुनी उंची मिळते तर काहींना नवी, आणि यंत्र बदलले की चित्रही बदलते.

वरच्या ओळींतला 2.0 हा आकडा सहज निवडल्यासारखा दिसतो, पण तो अगदी कड्याच्या टोकावर उभा आहे. द्विमितीय जाळीवर या सूत्राने तरंग एका पायरीत चौकटीच्या सुमारे 0.707 पटीहून पुढे गेला की गणित कोसळते, आणि 2.0 ने मिळणारा वेग नेमका तेवढाच आहे. 0.995 च्या घर्षणामुळे किंचित सवलत मिळते, तरी मर्यादा 2.005 च्या आसपास संपते. आकडा 2.1 केल्यास आधी पृष्ठावर बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक वर-खाली नक्षी उमटते, मग ती झपाट्याने वाढून पाणी पडद्यावरून नाहीसे होते. ही नक्षी दिसली की दोष प्रकाशात शोधू नये, तो पायरीच्या लांबीत असतो.

तरंगाचा वेगही याच हिशेबातून निघतो. दर फ्रेमला दोन पायऱ्या आणि सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर 120 पायऱ्या होतात. तेवढ्यात तरंग सुमारे 85 चौकटी जातो, म्हणजे हौद ओलांडायला त्याला तीन सेकंद लागतात. घर्षणामुळे त्याची उंची साधारण सव्वादोन सेकंदांत निम्मी होते. मात्र पायऱ्या फ्रेमला बांधल्या तर 144 हर्ट्झच्या पडद्यावर तेच पाणी 2.4 पट वेगाने पळू लागते. त्यामुळे पायऱ्या घड्याळाप्रमाणे मोजणे श्रेयस्कर.

वस्तूने पृष्ठ हलवणे हा या पद्धतीतला सर्वांत रंजक आणि फसवा भाग. म्युलर यांच्या मांडणीत प्रत्येक चौकटीखाली वस्तूचा किती उंचीचा भाग बुडालेला आहे हे काढतात. मागच्या पायरीपेक्षा तो जेवढा वाढला त्याचा काही अंश पाण्याच्या उंचीत मिळवतात, घटला असेल तर वजा करतात. समजा, दहा चौकटी त्रिज्येचा गोळा अर्धा बुडालेला आहे आणि तो एक चौकट उजवीकडे सरकला. त्याच्या पुढच्या बाजूला केंद्रापासून सहा चौकटींवर असलेली चौकट आता पाचवर आली. तिथली बुडालेली उंची 8 वरून 8.66 झाली, म्हणून पाणी चढते. मागच्या बाजूची तशीच चौकट सहावरून सातवर गेली. तिथे 8 चे 7.14 झाले, म्हणून पाणी उतरते. पुढे फुगवटा आणि मागे खळगा, असे होडीच्या नाळेपाशी दिसते तसे दृश्य आपोआप मिळते.

खरी अडचण गोळ्याच्या कडेला येते. जी चौकट ठीक दहावर होती ती नऊवर येताच तिची बुडालेली उंची शून्यावरून एकदम 4.36 होते. ही उडी आतल्या बदलांच्या कितीतरी पट असल्याने गोळ्याभोवती जाळीच्या रेषा धरून काटेरी, किरकिरे तरंग उठतात. उपाय म्हणजे बुडालेल्या उंचीचा तक्ता आधी एक-दोनदा शेजाऱ्यांत पसरवून मऊ करणे. वॉलेस यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी गोळ्याचे नेमके घनफळ न काढता कडेकडे हळूच शून्यावर येणारे घुमटासारखे फलन घेतले. मात्र त्यांच्या शेडरमध्ये चिन्ह उलटे आहे. जुन्या जागेचा घुमट उंचीत मिळवतात आणि नव्या जागेचा वजा करतात, म्हणजे गोळा पोहोचतो तिथे पाणी दबते. डोळ्याला दोन्ही पटतात, पण बादलीत दगड टाकल्यावर पातळी चढलेली हवी असेल तर म्युलर यांचे चिन्ह घ्यावे.

जीपीयूच्या दृष्टीने या कामाची सोय अशी की गोळा कोणत्या चौकटींवर आहे हे शोधावे लागत नाही. गोळ्याची जुनी आणि नवी जागा शेडरला कळवली की प्रत्येक चौकट स्वतःपुरता हिशेब करते. वेड्यावाकड्या आकाराची वस्तू असल्यास ती खालून समांतर कॅमेऱ्याने चितारून तिची खोली वाचतात.

एका चौकटीत एकच उंची मावत असल्याने कोसळणारी लाट, तुषार किंवा धबधबा या पद्धतीत येत नाही. दुसरी उणीव चटकन लक्षात येत नाही. इथे लांब-आखूड सगळे तरंग एकाच वेगाने धावतात, तर खऱ्या खोल पाण्यात लांब लाटा पुढे निघून जातात. त्यामुळे होडीमागे दिसणारी पिसाऱ्यासारखी पट्ट्यांची खूण इथे उमटत नाही. होडी तरंगाहून वेगाने गेली तर फक्त एक कोरडी पाचर दिसते. जेरी टेसेनडॉर्फ यांच्या ‘आयवेव्ह’ पद्धतीत चार शेजाऱ्यांऐवजी आसपासच्या बऱ्याच चौकटींची भारित बेरीज घेऊन ही उणीव भरून काढली आहे. त्या बदल्यात प्रत्येक पायरीला टेक्स्चर कितीतरी अधिक वेळा वाचावे लागते. हौद, डबके किंवा टाकी दाखवायची असेल तर चार शेजारी पुरतात. होडीचा माग ठळक दिसायला हवा असेल तर ‘आयवेव्ह’ घ्यावी.