यंत्रानुवाद आणि मराठी शिव्या

यंत्रानुवाद आणि मराठी शिव्या हा संगणकीय भाषाशास्त्र आणि बोलीअभ्यास यांच्या सीमेवरचा विषय आहे. मराठीतील शिवी, उद्गार किंवा अपशब्द दुसऱ्या भाषेत नेताना भाषांतर करणारी संगणकप्रणाली बहुधा तीनपैकी एक गोष्ट करते. ती शब्द सौम्य करते, तो गाळून टाकते किंवा त्याला भलताच अर्थ देते. यांपैकी पहिल्या दोन प्रकारांत मिळणारे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. त्यामुळे मूळ मराठी न जाणणाऱ्या वाचकाला काही हरवल्याची शंकाही येत नाही.

== गिरणगावची बोली ==

लालबाग, परळ, शिवडी, वरळी या मुंबईच्या गिरणगावात कापड गिरण्यांतील कामगार प्रामुख्याने कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर या भागांतून आले. गिरगाव-दादरच्या चाळींतही कोकणातील कुटुंबांचा मोठा भरणा होता. परिणामी या वस्तीतील शिव्यांमध्ये मालवणी आणि घाटी बोली व मुंबईची हिंदी यांची सरमिसळ झाली. या शिव्यांचे मोजमाप शब्दकोशातील अर्थावरून होत नाही. ‘मेल्या’ हा शब्द कोकणी म्हातारी नातवाला जेवायला बोलावतानाही वापरते. ‘काय रे भडव्या, होतास कुठे?’ हे नाक्यावर मित्राचे स्वागत असते, आणि तोच शब्द घरमालकाला उद्देशून उच्चारला तर मारामारी होते.

‘आईचा घो’ हे याचे चांगले उदाहरण आहे. मालवणी-कोकणीत ‘घो’ म्हणजे नवरा. ‘तुझ्या आईचा घो’ म्हणजे ‘मी तुझा बाप’ असा त्याचा मूळ रोख. बोलण्यात मात्र तो वैतागाचा उद्गार होऊन बसला आहे. महेश मांजरेकर यांच्या ‘शिक्षणाच्या आयचा घो’ (२०१०) या चित्रपटाच्या शीर्षकावरून वाद झाला, तेव्हा हा शब्द शिवी आहे की साधा उद्गार, याविषयी मराठी भाषकांतच एकमत नव्हते. जेथे माणसांचे एकमत नाही, तेथे यंत्राने एकच ‘बरोबर’ उत्तर द्यावे ही अपेक्षा मुळातच अवघड आहे.

== कारणे ==

पहिले कारण प्रशिक्षणसामग्रीचे आहे. आजच्या प्रणाली व्याकरणाचे नियम पाठ करीत नाहीत. लाखो वाक्यजोड्या, म्हणजे एक वाक्य मराठीत आणि तेच दुसऱ्या भाषेत, पाहून त्या शिकतात. मराठीसाठी अशा जोड्या मुख्यतः शासकीय प्रसिद्धीपत्रके, वृत्तसंस्थांचे मजकूर, शैक्षणिक व्याख्याने आणि धर्मग्रंथांची भाषांतरे यांतून मिळतात. या कोणत्याही ठिकाणी ‘च्यायला’ येत नाही. चित्रपटांच्या उपशीर्षकांत शिव्या असतात, पण तेथे मानवी अनुवादकाने त्या आधीच मवाळ केलेल्या असतात. प्रणाली तो मवाळपणा नियम म्हणून शिकते. यंत्र सोवळे असते असे नव्हे, त्याला शिकवणारे भाषांतर सोवळे असते.

शिवाय सामग्री गोळा करताना ती गाळली जाते. इंग्रजी मजकुराचा सी-फोर हा प्रसिद्ध संग्रह तयार करताना अपशब्दांच्या एका खुल्या यादीतील एक जरी शब्द आढळला, तरी ते संपूर्ण पान वगळण्यात आले. मेटा कंपनीच्या ‘नो लँग्वेज लेफ्ट बिहाइंड’ या २०२२ च्या प्रकल्पाने दोनशे भाषांसाठी, त्यांत मराठीसाठीही, अपशब्दांच्या याद्या केल्या. जोडीतील एका बाजूला असे शब्द आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, अशा जोड्या प्रशिक्षणातून काढून टाकण्यासाठी त्यांचा उपयोग झाला. हेतू चांगला होता. साध्या वाक्याच्या भाषांतरात यंत्राने नसलेली शिवी घालू नये, एवढाच तो होता. परंतु यादीबाहेरचा बोलीतील शब्द या चाळणीतून सुटतो आणि यादीतल्या शब्दाची उदाहरणे कमी होतात. म्हणजे चूक दोन्हीकडून वाढते.

दुसरे कारण मराठीच्या रूपांचे आहे आणि चुकीच्या भाषांतरांपैकी सर्वांत गमतीदार चुका येथूनच येतात. ‘आयला’ हा उद्गार अनेकजण ‘आईला’ असा लिहितात आणि ते रूप ‘आई’ची चतुर्थीही आहे. ‘आईला, काय पाऊस!’ याचे भाषांतर ‘टू मदर, व्हॉट रेन’ असे होऊ शकते. ‘भाड्या’ ही शिवी आहे, पण ‘भाड्याची खोली’ यात ‘भाडे’ या शब्दाचे सामान्यरूप तेच आहे. ‘ए भाड्या, इकडे ये’ यातील माणूस यंत्राच्या हाती भाड्याच्या पैशांत रूपांतरित होतो. ‘मेल्या’ हे संबोधन आणि ‘दोन म्हशी मेल्या’ यातील क्रियापद, अक्षरे तीच. मजकुरात क्रियापद आणि चतुर्थी शेकडो पटींनी अधिक येत असल्याने प्रणाली त्यांच्याच बाजूने निर्णय घेते.

‘आयघाल्या’सारखा शब्द प्रणालीने क्वचितच पाहिलेला असतो. अपरिचित शब्द ती लहान तुकड्यांत फोडते. तुकड्यांतून अर्थ जुळला नाही, तर ती त्याला व्यक्तीचे नाव समजून रोमन लिपीत तसाच उतरवते किंवा गाळून टाकते.

तिसरे कारण भाषांतरानंतरच्या चाळणीचे. काही सेवांमध्ये अपशब्द झाकण्याची सोय हेतुपुरस्सर दिलेली असते. ॲमेझॉनच्या सेवेत ती चालू केल्यास अपशब्दाच्या जागी `?$#@$` ही चिन्हे येतात. बोलण्याचे लेखन करणाऱ्या साधनांत तर शिवी भाषांतरापूर्वीच नाहीशी होते. यूट्यूबच्या स्वयंचलित उपशीर्षकांत तिच्या जागी `[ __ ]` असा रिकामा कंस दिसू शकतो. मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणावरून भाषांतर करणाऱ्याने दोष भाषांतरकाराच्या माथी मारण्याआधी मधले लेखन उघडून पाहणे आवश्यक असते.

== तपासणी ==

तपासणीची सर्वांत सोपी आणि भरवशाची रीत म्हणजे बदली-चाचणी. वाक्य तेच ठेवून शिवीच्या जागी साधा शब्द घालायचा आणि दोन्ही भाषांतरे शेजारी ठेवायची. उदाहरणार्थ, लालबागच्या एखाद्या कामगाराच्या आठवणींत पुढील वाक्य आहे असे समजावे: ‘भडव्या, तीन महिन्यांचा पगार कुठाय?’ त्याबरोबर ‘साहेब, तीन महिन्यांचा पगार कुठाय?’ आणि ‘तीन महिन्यांचा पगार कुठाय?’ अशी आणखी दोन वाक्ये द्यावीत. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्याचे भाषांतर एकच आले, तर शब्द गळाला आहे. पहिले दुसऱ्यासारखे आले, म्हणजे ‘सर’ किंवा ‘मॅन’ असे काही झाले, तर तो सौम्य झाला आहे. पहिल्या वाक्यात दलाल या अर्थाचा इंग्रजी शब्द आला, तर तो शब्दशः उतरला आहे. येथे वक्ता मालकाच्या धंद्याविषयी बोलत नसल्याने तेही बरोबर नाही, पण वाचकाला राग तरी कळतो.

हीच तीन वाक्ये विरामचिन्हे बदलून पुन्हा द्यावीत. स्वल्पविराम काढल्यावर संबोधन कर्ता होऊन बसते का, हे त्यातून दिसते. ‘आयला’, ‘आईला’, ‘च्यायला’, ‘च्या मायला’ अशी लेखनभेदांची जुळणीही अशीच तपासावी. एका लेखनाला उद्गार आणि दुसऱ्याला ‘आईकडे’ असा अर्थ मिळाला, तर प्रणालीला शब्द माहीत नसून केवळ एक रूप माहीत आहे.

उलट भाषांतर, म्हणजे इंग्रजी उत्तर पुन्हा मराठीत आणणे, ही रीत लोकप्रिय असली तरी शिव्यांसाठी कमी उपयोगाची आहे. ‘च्यायला’चे ‘ओह’ झाले आणि ‘ओह’चे ‘अरे’ झाले, तर परत आलेले वाक्य सहज वाचनीय वाटते आणि नुकसान झाकले जाते. गळलेला शब्द या रीतीने दिसतो, पण त्याची धार कमी झाली की नाही ते कळत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या सेवेत अपशब्दांची वागणूक बाहेरून ठरवता येते. `NoAction` ही मूळ स्थिती असते, `Deleted` दिल्यास शब्द काढला जातो आणि `Marked` दिल्यास त्यावर खूण होते. पुढील विनंती शब्द न झाकता त्याभोवती `<profanity>` ही खूण मागते:

```
POST /translate?api-version=3.0&from=mr&to=en
     &profanityAction=Marked&profanityMarker=Tag
```

एकच मजकूर `NoAction` आणि `Marked` अशा दोन्ही प्रकारे चालवल्यास प्रणालीने आपल्या भाषांतरातील कोणत्या शब्दांना अपशब्द मानले ते दिसते. ज्या वाक्यात मराठीत शिवी आहे आणि भाषांतरात खूण नाही, ती वाक्ये माणसाने वाचायची. खूण नसणे म्हणजे वाक्य निर्मळ असणे नव्हे. शब्द आधीच गळला असेल, तर खूण करायला काही उरतच नाही.

धार मोजण्याचे काम मात्र माणसाकडेच राहते. मूळ वाक्य आणि भाषांतर दोन्ही वाचणाऱ्या किमान दोघांनी परस्परांशी न बोलता प्रत्येकाला ‘लाड’, ‘उद्गार’, ‘अपमान’, ‘भांडण’ यांपैकी एक पायरी द्यावी. त्यांतील एक कोकणातला आणि एक घाटावरचा असल्यास ‘घो’सारख्या शब्दांवर मतभेद होतील, आणि ते मतभेद नोंदवणे हाच त्या तपासणीचा उपयोग असतो. साहित्यिक अनुवादात हा प्रश्न जुनाच आहे. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या कामाठीपुऱ्याच्या भाषेतील संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्यातील शब्द सामान्य मराठी वाचकालाही अपरिचित होते.

== कायदेशीर कागदपत्रे ==

महाराष्ट्रात पोलिसांतील फिर्याद आणि कनिष्ठ न्यायालयातील कामकाज प्रायः मराठीत होते, तर मुंबई उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. अशा कागदाचे भाषांतर होताना शिवी मवाळ झाली, तर केवळ शैली बिघडत नाही. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ च्या कलम ३(१)(एस) मध्ये लोकांच्या नजरेसमोर जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करणे हाच गुन्हा आहे. जातिवाचक शब्दाऐवजी भाषांतरात ‘अपमानास्पद भाषा वापरली’ एवढेच आले, तर गुन्ह्याचा आवश्यक घटक कागदावरून नाहीसा होतो. म्हणून अशा मजकुरात मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवून त्यापुढे अर्थ देणे सुरक्षित असते. यंत्राला तो शब्द अस्पर्शित सोडायला लावण्यासाठी त्याच्या जागी आधी `XQ1` सारखी खूण घालतात आणि भाषांतर झाल्यावर मूळ शब्द परत बसवतात. खूण वाक्यात योग्य जागी टिकली आहे का, हे मात्र प्रत्येक ठिकाणी पाहावे लागते. मराठीत शब्दाला चिकटलेले ‘च्या’ आणि ‘ने’ खुणेपासून सुटून वाक्यात इतरत्र जातात.