रूकी कार्डांचे अधिमूल्य

एखाद्या व्यावसायिक खेळाडूचे त्याच्या कारकिर्दीच्या आरंभी प्रसिद्ध झालेले पहिले मान्यताप्राप्त क्रीडा कार्ड म्हणजे रूकी कार्ड होय. पदार्पणाच्या हंगामातील नवख्या खेळाडूला अमेरिकेत 'रूकी' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. पुढे कीर्ती पावलेल्या खेळाडूच्या रूकी कार्डाला त्याच्याच नंतरच्या कार्डांच्या कित्येक पट किंमत मिळते. या जादा किमतीला अधिमूल्य म्हणतात. हे अधिमूल्य केवळ दुर्मीळतेतून येते, असा समज असला तरी तो पुरेसा नाही. 'पहिले कार्ड' कोणते याविषयी संग्राहकांमध्ये रूढ झालेला संकेत आणि सुस्थितीतील प्रतींची टंचाई यांचा त्यात मोठा वाटा असतो. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन याचे फ्लीअर कंपनीचे १९८६ सालचे कार्ड हे याचे ठळक उदाहरण आहे.

== जॉर्डनचे कार्ड ==

जॉर्डन १९८४ साली शिकागो बुल्स संघातून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या (एनबीए) स्पर्धेत उतरला. त्या काळी अमेरिकेत बास्केटबॉलच्या कार्डांना फारशी मागणी नव्हती. टॉप्स या मोठ्या कंपनीने १९८१-८२च्या हंगामानंतर ती छापणे थांबवले होते. मधल्या वर्षांत स्टार नावाच्या लहान कंपनीने एनबीएच्या परवान्याने कार्डे काढली. मात्र ती दुकानांत मिळणाऱ्या नेहमीच्या पाकिटांतून नव्हे, तर एकेका संघाची कार्डे एकत्र घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून, प्रामुख्याने कार्डविक्रेत्यांमार्फत विकली जात. जॉर्डनचे स्टार कार्ड १९८४-८५च्या हंगामातले आहे.

१९८६-८७च्या हंगामासाठी फ्लीअर कंपनीने १३२ कार्डांचा संच काढला. तो पाकिटांतून देशभर विकला गेला. त्यातील ५७ क्रमांकाचे कार्ड जॉर्डनचे होते. तोवर तो दोन हंगाम खेळलेला होता. तरीही रूकी कार्डाचा मान याच कार्डाकडे गेला. याचे कारण म्हणजे संग्राहकांनी व किंमतदर्शक पुस्तिकांनी रूढ केलेला संकेत. पाकिटांतून सर्वत्र विकल्या गेलेल्या संचातील पहिले कार्ड तेच रूकी कार्ड, असे त्यांनी मानले. स्टारचे कार्ड आधीचे असूनही या व्याख्येबाहेर राहिले आणि त्याला वेगळ्या वर्गात घालण्यात आले.

== अधिमूल्याची कारणे ==

पहिले कारण काळाशी निगडित आहे. खेळाडू प्रसिद्ध झाला की त्याची कार्डे दरवर्षी, अनेक प्रकारांत व मोठ्या संख्येने निघतात. पहिले वर्ष मात्र परत येत नाही. त्या वर्षीच्या प्रतींची संख्या खेळाडूचे भवितव्य कोणालाही ठाऊक नसताना ठरलेली असते. पुढे मागणी कितीही वाढली, तरी तिच्यात भर पडू शकत नाही.

दुसरे कारण जपणुकीचे आहे. अनोळखी खेळाडूचे कार्ड कोणी काळजीपूर्वक ठेवत नाही. १९८६ साली ही पाकिटे उघडणाऱ्यांत मुले पुष्कळ होती. कार्डे हाताळली गेली, रबरबँडने बांधली गेली, टाकूनही दिली गेली. त्यातच या कार्डाची रंगीत चौकट कडांशी सहज टवके उडणारी आहे आणि कापताना चित्र एका बाजूला सरकल्याचा दोषही अनेक प्रतींत आढळतो. कार्डे तपासून १ ते १० अशी श्रेणी देणाऱ्या पीएसए या अमेरिकी संस्थेने या कार्डाच्या हजारो प्रती तपासल्या. २०२१च्या सुमारास त्यांतील तीनशेहून थोड्याच अधिक प्रतींना १० ही सर्वोच्च श्रेणी मिळालेली होती. त्यामुळे ९ आणि १० या श्रेणींतील फरक नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवत असला, तरी किमतीतील फरक कित्येक पटींचा असतो.

तिसरे आणि निर्णायक कारण संकेताचे आहे. जॉर्डनचे फ्लीअरचे दुसरे कार्ड पुढच्याच वर्षी, १९८७ साली निघाले. ते पहिल्यापेक्षा अधिक संख्येने छापले गेले, असे संग्राहक मानत नाहीत; तरीही त्याची किंमत पहिल्याच्या तुलनेत बरीच कमी असते. म्हणजे केवळ प्रतींच्या संख्येवरून हा फरक उलगडत नाही. एखाद्या खेळाडूची शेकडो कार्डे उपलब्ध असताना त्यांतील नेमके कोणते घ्यावे, हा प्रश्न प्रत्येक ग्राहकापुढे असतो. 'पहिले कार्ड' हे त्याचे सर्वांना समजणारे उत्तर ठरते. उद्या विकायचे झाल्यास इतरही हेच कार्ड शोधतील, ही खात्री असल्याने मागणी एकाच कार्डावर एकवटते.

== किमतीतील चढउतार ==

३० जानेवारी २०२१च्या सुमारास गोल्डिन या लिलावगृहात १० श्रेणीची दोन जॉर्डन कार्डे प्रत्येकी ७,३८,००० डॉलरना विकली गेली. कोविड साथीच्या काळात संग्रहाचा छंद अमेरिकेत झपाट्याने वाढला होता आणि २०२०च्या उन्हाळ्यापूर्वी प्रसारित झालेल्या जॉर्डनवरील माहितीपट-मालिकेने त्यात भर घातली होती. पुढील काही महिन्यांतच याच श्रेणीच्या प्रती निम्म्याहूनही कमी किमतीत विकल्या जाऊ लागल्या. या काळात जॉर्डनची कीर्ती घटली नव्हती आणि प्रतींची संख्याही फारशी बदलली नव्हती. बदलली होती ती खरेदीदारांची अपेक्षा. सक्रिय खेळाडूंच्या बाबतीत धोका आणखी मोठा असतो, कारण त्यांच्या रूकी कार्डाच्या किमतीत भावी यशाची अटकळ आधीच धरलेली असते. दुखापत किंवा सुमार कामगिरी होताच ती किंमत कोसळते.

== मर्यादा व अपवाद ==

अप्पर डेक कंपनीच्या १९८९च्या बेसबॉल संचातील पहिल्या क्रमांकाचे कार्ड केन ग्रिफी (धाकटा) याचे आहे. हा खेळाडू पुढे बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये निवडला गेला. मात्र तोवर रूकी कार्डांचे मोल सर्वांना कळले होते. कार्डे प्रचंड संख्येने छापली गेली आणि लोकांनी ती पहिल्या दिवसापासून जपून ठेवली. परिणामी हे कार्ड अत्यंत प्रसिद्ध असूनही त्याच्या सामान्य प्रती आजही माफक किमतीत मिळतात. संकेत आहे, पण टंचाई नाही, अशी ही स्थिती होय.

याउलट बेसबॉलपटू मिकी मँटल याचे रूकी कार्ड बोमन कंपनीचे, १९५१ सालचे आहे. परंतु त्याहून महाग ठरते ते टॉप्सचे १९५२चे कार्ड. याची एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली. हे कार्ड टॉप्सच्या पहिल्या मोठ्या बेसबॉल संचात, हंगामाच्या उत्तरार्धात आलेल्या गटात होते. त्या गटाचा न विकलेला साठा पुढे समुद्रात टाकून दिल्याचे टॉप्सचे साय बर्जर यांनी सांगितले होते. येथे संग्राहकांचा संकेत 'पहिल्या' कार्डाऐवजी त्या ख्यातनाम संचाभोवती जुळला.

== बनावट प्रती ==

अधिमूल्यामुळे जॉर्डनच्या कार्डाच्या बनावट प्रतीही विपुल आहेत. भिंगाखाली पाहिल्यास अस्सल कार्डावरील छायाचित्र बारीक रंगीत ठिपक्यांचे बनलेले दिसते, तर काळी अक्षरे व रेषा सलग शाईच्या असतात. मूळ कार्डाची प्रतिमा घेऊन छापलेल्या नकलेत अक्षरांतही ठिपके दिसतात किंवा त्यांच्या कडा अस्पष्ट असतात. केवळ या चाचणीवर विसंबता येत नाही. म्हणून कागदाची जाडी, आकार आणि रंगछटा यांची त्याच संचातील स्वस्त, निर्विवाद अस्सल कार्डाशी तुलना केली जाते.