सांधा कोठे जातो?

नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या १.१ आवृत्तीने १९९५ साली वेबपानावरील मजकुरामागे चित्र पसरवण्याची सोय केली.

```
<body background="kagad.jpg">
```

एवढे लिहिले की ब्राउझर ते लहानसे चित्र फरशीप्रमाणे आडवे-उभे मांडत जाई. भिंतीचा कागद छापणाऱ्यांचा जुना प्रश्न त्यामुळे पडद्यावर आला : एका तुकड्याची कड दुसऱ्याला कशी मिळवायची?

हातकागदाचे छायाचित्र घेऊन त्यातला २५६ × २५६ पिक्सेलांचा चौकोन कापला, असे समजू. तो तसाच मांडला तर प्रत्येक कडेशी रेघ दिसते. फोटोशॉपमध्ये यावर उपाय आहे : Filter > Other > Offset उघडून दोन्ही दिशांना १२८ पिक्सेल द्यायचे आणि Wrap Around निवडायचे. उजवीकडून बाहेर गेलेला भाग डावीकडून आत येतो, खालून गेलेला वरून. आता चारही कडांवर मूळ चित्रात शेजारी असलेलेच पिक्सेल येतात. म्हणून त्या आपोआप जुळतात. न जुळणाऱ्या जुन्या कडा मात्र मधोमध अधिकच्या चिन्हासारख्या उमटतात. सांधा नाहीसा झालेला नसतो. जेथे हात पोहोचेल तेथे तो आणलेला असतो. क्लोन स्टॅम्पने कागदाचेच इतर तंतू त्यावर बसवायचे. मात्र या चिन्हाची टोके कडांपर्यंत पोहोचतात. तेथे निष्काळजीपणे हात फिरला की जुळलेली कड पुन्हा बिघडते. म्हणून तोच Offset पुन्हा देऊन तपासावे.

तरीही फसगत होते ती उजेडामुळे. छायाचित्रात खिडकीकडची बाजू किंचित उजळ असेल, तर सांधा पुसूनही पानभर उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. त्यासाठी High Pass आधीच वापरावा लागतो. तो सावकाश बदलणारी छटा काढून बारीक पोत ठेवतो. त्याची त्रिज्या तंतूंहून बरीच मोठी हवी. रंगही करडा होतो, तो नंतर परत द्यावा लागतो.

उरतो एखादा ठसठशीत डाग. त्या काळच्या १०२४ × ७६८ च्या पडद्यावर हा तुकडा बारा वेळा बसे, आणि तो डागही बारा वेळा, सरळ रांगेत. डोळे किलकिले करून पाहिले की असा डाग लगेच सापडतो. तो काढावा, पण सगळेच काढले तर कागदाचा कागदपणा जातो.

येथे भिंतीच्या कागदाची जुनी युक्ती उपयोगी पडते. त्या कारागिरांनी शेजारचा पट्टा अर्ध्या नमुन्याइतका खाली सरकवला, म्हणजे पुनरावृत्ती आडवी न दिसता तिरपी धावते. ब्राउझर सरळ जाळीतच मांडणी करतो. म्हणून जुळलेल्या तुकड्याची दुसरी प्रत शेजारी ठेवून ती तेवढीच १२८ पिक्सेल खाली गुंडाळायची आणि दोन प्रतींमधला आणि बाहेरच्या डाव्या-उजव्या कडांवरचा असे दोन्ही नवे सांधे पूर्वीप्रमाणेच मिटवायचे. तयार होतो ५१२ × २५६ चा तुकडा. डाग पडद्यावर पूर्वीइतकेच येतात. फक्त नजरेला त्यांची रांग लावता येत नाही.