आतलं चाक जास्त का वळतं? मळणीच्या मेढीपासून ट्रॅक्टरच्या टाय रॉडपर्यंत

आजची नोंद भाताची नाही, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांची आहे. थोडी लांब आहे, पण एका टायर जोडीच्या किमतीची आहे, म्हणून सवडीने वाचा.

गेल्या खरिपात चिखलणी करताना ट्रॅक्टरचं डावं चाक बांधावरच्या दगडाला बसलं आणि स्टिअरिंग आर्म वाकला. जवळच्या एका फिटरने तो गरम करून ठोकून "एकदम सरळ" करून दिला आणि टाय रॉड फिरवून चाकं समोर बघतील अशी लावली. सरळ रस्त्याला गाडी छान चालायची. पण मुरबाडहून कल्याणच्या बाजार समितीत माल घेऊन जायला लागलो तसं लक्षात आलं, की डावीकडे वळताना पुढचं चाक डांबरावर घासतंय. उजवीकडे कमी, डावीकडे जास्त. दोनेक महिन्यांत टायरच्या धारांना करवतीसारखे दाते आले. तो आर्म "सरळ" करायचा नव्हताच, तो मुळात तिरकाच असतो. तिरका का, हे शोधताना दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागला.

आधी मळणी आठवा. खळ्याच्या मधोमध मेढ (कुठे तिवडा म्हणतात), तिला बांधलेली बैलांची पात. मेढीजवळचा बैल लहान गोल फिरतो, बाहेरचा मोठा. आतल्या बैलाला दर पावलाला जास्त वळावं लागतं, बाहेरचा जवळजवळ सरळ चालल्यासारखा दिसतो. दोघांना सारखंच वळायला लावलं तर ते एकमेकांना ओढतील. ट्रॅक्टरच्या पुढच्या दोन चाकांचंही हेच. वळताना अख्खी गाडी एका अदृश्य मेढीभोवती फिरते. मागची चाकं वळत नाहीत, म्हणून ही मेढ नेहमी मागच्या ॲक्सलच्या रेषेतच कुठेतरी बाजूला पडते. पुढच्या प्रत्येक चाकाने आपापल्या जागेवरून त्या मेढीला काटकोनात राहायचं. आतलं चाक मेढीला जवळ, म्हणून त्याचा कोन मोठा.

बैलगाडीला ही कटकट कधीच नव्हती. दोनच चाकं, एकच आस, आणि दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात. बैल वळले की आतलं चाक हळू, बाहेरचं जोरात, कोणीच घासत नाही. कल्याण स्टेशनबाहेरच्या रिक्षांनाही नाही, कारण पुढे एकच चाक. पंचाईत होते ती पुढे दोन चाकं आली की.

चार चाकी घोडागाडीत यावर जुना उपाय होता, पुढची अख्खी आस मधल्या एका खिळ्यावर फिरवायची. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या अशाच वळायच्या, आणि आजही आपल्या चार चाकी ट्रॉलीचा पुढचा ॲक्सल टर्नटेबलवर असाच फिरतो. त्यात दोन्ही चाकं आपोआप बरोबर मेढीकडे रोखतात, घासणं नाही. पण तोटे दोन. आस तिरकी झाली की गाडीच्या पुढच्या टेकूची रुंदी कमी होते आणि जोरात वळली तर गाडी कलंडते. शिवाय एका चाकाला दगड लागला की अख्खी आस झटका खाते. चाक गाडीखाली जायला जागा हवी म्हणून पुढची चाकं लहान ठेवावी लागतात, ते वेगळंच.

यावर दुसरी वाट इंग्लंडातल्या इरॅस्मस डार्विन नावाच्या डॉक्टरने १७५९ च्या सुमारास काढली. (उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचा हा आजोबा.) रुग्ण बघायला रोज घोडागाडीतून फिरायचं, रस्ते खराब. त्याने ठरवलं, आस जागेवर ठेवायची आणि फक्त टोकांची चाकं आपापल्या खिळ्यावर वळवायची. पण त्याने पेटंट घेतलं नाही आणि गोष्ट तिथेच राहिली. पुढे म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या गाडी बनवणाऱ्याने १८१६ च्या आसपास हीच रचना स्वतंत्रपणे केली. लंडनमधलं पेटंट त्याच्या वतीने १८१८ मध्ये घेतलं रुडॉल्फ ॲकरमनने, आणि नाव चिकटलं ते ॲकरमनचं. मेहनत एकाची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हा प्रकार तिकडेही होताच.

हा ॲकरमन मूळचा जर्मनीतल्या सॅक्सनीचा. खोगीर बनवायचं काम शिकलेला, मग घोडागाड्यांचे नकाशे काढणारा, आणि लंडनमध्ये चित्रांचं दुकान आणि प्रकाशन चालवणारा. आपल्याकडच्या लोकांना गंमत वाटेल, रॉबर्ट ग्रिंडले या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने पश्चिम भारतातल्या देखाव्यांचा जो चित्रसंग्रह काढला, त्याचे १८२६ पासूनचे सुरुवातीचे भाग याच ॲकरमनने छापले. मुंबई बंदरावर पावसाळा चाल करून येतोय, असं एक प्रसिद्ध चित्र त्या संग्रहात आहे.

घोडागाडीवाल्यांनी मात्र ही रचना फारशी घेतली नाही. जुनी आस चालत होती, सांधे वाढवायचे कशाला? खरी गरज पडली ती यंत्राच्या गाडीला. १८७३ मध्ये फ्रान्सच्या आमेदे बोले याने वाफेवर चालणाऱ्या गाडीत पुढची दोन्ही चाकं वेगवेगळी वळवली. आणि १८७८ च्या सुमारास पॅरिसच्या शार्ल झांतो याने त्याचा सोपा नियम सांगितला: दोन्ही स्टिअरिंग आर्म असे तिरके ठेवा, की त्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर मागच्या ॲक्सलच्या मध्यावर भेटतील. कार्ल बेंझची १८८६ ची पहिली मोटार तीन चाकी होती, दोन पुढच्या चाकांचं स्टिअरिंग त्याने १८९३ मध्ये आणलं. तीच रचना पुढे ट्रॅक्टरवर आली. १९६३ मध्ये कांदिवलीची इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली, आणि मुंबईच्या दारात बनलेले ट्रॅक्टर आपल्या बांधावर आले, ते हाच झांतोचा नियम घेऊन.

आता हिशोब करू. समजा पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये १.९ मीटर अंतर आहे, आणि पुढच्या दोन किंगपिनमध्ये १.२ मीटर. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून मेढ ३ मीटरवर पडेल इतकं वळायचं आहे. मग आतला किंगपिन मेढीपासून आडवा २.४ मीटर, बाहेरचा ३.६ मीटर. कोन काढले तर आतल्या चाकाला सुमारे ३८ अंश लागतात, बाहेरच्याला सुमारे २८. फरक १० अंशांचा.

हा फरक पडतो कसा? टाय रॉड तर एकच, तो दोन्ही आर्मची टोकं सारखीच ढकलतो. गंमत आर्मच्या तिरकेपणात आहे. या मापांना झांतोच्या नियमाने आर्म आत साडेसतरा अंश तिरका हवा. आर्म १५ सेंटीमीटरचा धरा. डावीकडे वळताना दोन्ही टोकं उजवीकडे साधारण ८ सेंटीमीटर सरकतात. आतला आर्म आधीच आत कललेला, तो आणखी आडवा होत जातो. आडव्या आर्मचं टोक जास्त फिरूनही बाजूला कमी सरकतं, म्हणून तेवढे ८ सेंटीमीटर गाठायला त्याला ३८ अंश फिरावं लागतं. बाहेरचा आर्म मात्र सरळ मागे असण्याच्या जागेतून जातो, तिथे थोडं फिरलं तरी टोक भरपूर सरकतं, त्याचं काम ३० अंशांतच होतं.

लक्षात आलं का, हवे होते २८ आणि मिळाले ३०. म्हणजे हा नियम अगदी तंतोतंत नाही, जवळचा आहे. दोन अंशांची चूक हळू चालणाऱ्या ट्रॅक्टरचा टायर पचवतो. पण माझ्या "सरळ" केलेल्या आर्मचा हिशोब याच मापांनी केला, तर डावीकडे वळताना आतलं ३८ आणि बाहेरचं ३६. आठ अंशांची चूक. दोन बैल दोन वेगळ्या मेढींभोवती फिरायला निघाले, आणि ओढाताण टायरने सोसली. उजवीकडे वळताना बाहेरचं सुमारे ३२ येतं, म्हणून तिकडे घासणं कमी. आवाजातला फरक इथे बरोबर जुळला.

घरी तपासायचं असेल तर असं करा. सपाट कोब्यावर ट्रॅक्टर उभा करा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन खाली पक्का टेकू द्या. चाकं सरळ ठेवून दोन्ही टायरच्या बाजूने खडूची रेघ मारा. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून परत रेघा मारा, मग उजवीकडे. दर वेळी आतल्या चाकाच्या दोन रेघांमधला कोन बाहेरच्यापेक्षा स्पष्ट मोठा दिसला पाहिजे, आणि डाव्या वळणाचं चित्र उजव्याच्या आरशासारखं. तसं नसेल तर एखादा आर्म वाकलेला आहे किंवा बॉल जॉइंट ढिला आहे.

पुढचा ॲक्सल रुंद करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. दोन्ही बाजू १०-१० सेंटीमीटर बाहेर काढल्या, तर टाय रॉडही तेवढाच, म्हणजे एकूण २० सेंटीमीटर, लांब झाला पाहिजे. टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल आणि तो आखूड राहिला, तर चाकांची पुढची तोंडं बाहेर फाकतात आणि टायर सरळ रस्त्यावरही झिजतो. शेवटची जुळणी गाडीच्या पुस्तिकेतल्या मापानेच करावी.

चिखलात मात्र यातलं काही जाणवत नाही. तिथे चाक घसरतंच, आणि आपण एका बाजूचा ब्रेक दाबून वळतो. म्हणून हा दोष शेतात लपतो आणि डांबरावर उघडा पडतो. माल भरून कल्याणच्या रस्त्याला लागलात, तिथे तो जिवाशी येऊ शकतो.

मी शेवटी तो आर्म काढून नवा बसवला. गरम करून ठोकलेल्या आर्मची ताकद पूर्वीसारखी राहील याचा भरवसा नाही, आणि स्टिअरिंगचा आर्म ऐन उतारावर तुटला तर पुढे काही उरत नाही. नवा बसवताना दोन्ही आर्मच्या रेषेत दोरी धरून मागे ताणली. दोन्ही दोऱ्या मागच्या ॲक्सलच्या मध्याजवळ भेटल्या, तेव्हाच नट आवळले.