किशोर कामगार आणि वीटभट्टी

भारतातल्या कायद्याच्या भाषेत ‘किशोरवयीन’ म्हणजे वयाची 14 वर्षे पूर्ण केलेली, पण 18 पूर्ण न केलेली व्यक्ती. त्याखालचे ते ‘बालक’. ही विभागणी 2016 साली आली. 1986 च्या बालकामगार कायद्यात त्या वर्षी मोठी दुरुस्ती झाली आणि त्याचे नावही ‘बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम’ असे झाले. तोवर कायद्याने 14 वर्षांखालच्या मुलांना काही ठरावीक धंद्यांतच काम करायला मनाई केली होती. यादीबाहेरच्या धंद्यात मूल राबत असले, तरी फक्त त्याच्या कामाच्या तासांवर बंधन होते. चौदा ते अठरा या वयाचा तर त्यात विचारच नव्हता.

आता बालकाला कोणत्याही धंद्यात कामावर ठेवता येत नाही. त्याला अपवाद दोनच आहेत. एक, शाळेनंतर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाला केलेली मदत आणि दुसरा, चित्रपट, मालिका, जाहिराती यांसारख्या क्षेत्रातले कलाकार म्हणून काम. सर्कस यातून मुद्दाम वगळली आहे. किशोरवयीनांना काम करता येते, मात्र कायद्याच्या परिशिष्टातली धोकादायक कामे त्यांना पूर्णपणे वर्ज्य आहेत. 2017 साली हे परिशिष्ट विस्ताराने नव्याने लिहिले गेले. खाणी, दगडाच्या खाणी, फटाके आणि स्फोटके यांच्याबरोबर त्यात एक शब्द आहे जो महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे : वीटभट्टी.

पालघर, ठाणे, रायगड या पट्ट्यात दिवाळीनंतर भट्ट्यांचा हंगाम सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. कामावर येणारी कुटुंबे बहुतेक भूमिहीन असतात आणि त्यांत कातकरी मोठ्या संख्येने असतात. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरात धान्य नसते. त्या वेळी मालक किंवा मुकादम उचल देतो. दिवाळी झाली की ती उचल फेडण्यासाठी अख्खे घर भट्टीवर मुक्कामाला जाते. आठवड्याला खर्चापुरते पैसे मिळतात. खरा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो.

मजुरी दिवसावर मिळत नाही, हजार विटांवर मिळते. किशोर कामगार भट्टीवर दिसेनासा कसा होतो, हे या एका गोष्टीवरून कळते. कायदा माणसे मोजतो आणि भट्टी विटा मोजते. मालकाच्या वहीत नाव असते बापाचे किंवा नवरा-बायकोच्या जोडीचे. पहाटे चिखल कोणी तुडवला, साच्याला राख कोणी लावली, अर्धवट वाळलेल्या विटा कोणी पलटल्या, याची वहीत कुठेही नोंद नसते. मुलाला एक पैसाही दिला नाही, असे मालक म्हणतो तेव्हा तो शब्दशः खरेही बोलत असतो. मुलाचे श्रम बापाच्या हजारात मिसळून गेलेले असतात.

एक नमुन्याचे घर घेऊ. आई-बाप, 16 वर्षांचा मुलगा, 12 वर्षांची मुलगी आणि एक लहान भावंड. ओली वीट साधारण तीन किलोची धरली आणि घराने दिवसाला हजार विटा पाडल्या, तर तीन टन चिखल आधी कालवायचा, मग साच्यात दाबायचा आणि मग उचलून ओळीत मांडायचा. जोडीला हे जमते, पण पहाटेच्या काळोखात उठून. मुलगा चिखल ओढू लागला आणि मुलगी विटा पलटू लागली की हजाराचा आकडा लवकर गाठला जातो, आणि फिटायची ती उचल चार दिवस आधी फिटते. आई-बापाला मुलांची माया नसते, म्हणून हे घडते असे मानणे अन्यायाचे आहे. दर असा ठरवलेला असतो की दोन माणसांच्या कामावर घर चालत नाही.

आता या घराला कायदा लावून पाहू. मुलगा किशोरवयीन आहे, पण वीटभट्टी परिशिष्टात आहे. म्हणून तो तिथे काम करू शकत नाही. एक तासही नाही, बापाच्या शेजारी बसूनही नाही. मुलीच्या बाबतीत पहिला बचाव असतो, ‘घरच्यांना मदत करते.’ हा बचाव दोन ठिकाणी कोसळतो. कुटुंबाला मदत करण्याची सवलत धोकादायक कामांना लागू नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की 2017 च्या नियमांनुसार ही मदत ज्या धंद्याचा ताबा स्वतः कुटुंबाकडे आहे, अशाच ठिकाणी चालते आणि त्या मदतीतून घराला कमाई होता कामा नये. भट्टी कुटुंबाची नसते, मालकाची असते. धंदा कुटुंबाचा स्वतःचा असला तरीही मदतीवर मर्यादा आहेत : दिवसाला तीन तासांहून जास्त नाही, शाळेच्या वेळेत नाही, आणि संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत नाही.

भट्टीचे काम किशोरांना का वर्ज्य, हे कामाची एकेक पायरी पाहिली की समजते. विटा पाडणारा माणूस तासन्‌तास उकिडवा बसून कमरेतून वाकतो आणि दर विटेला वजन उचलून पुढे सरकतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाडांची टोके अजून वाढत असतात. रोज पाठीवर आणि गुडघ्यांवर तोच ताण पडत राहिला, तर त्या वाढीलाच धक्का बसू शकतो. पुढे वाळलेल्या विटा डोक्यावरून भट्टीपर्यंत वाहून न्यायच्या आणि रचायच्या. भाजून झालेली भट्टी मोडताना राख आणि बारीक धूळ उडते. मातीतली सिलिका श्वासाबरोबर फुफ्फुसात जाते आणि तिथून निघत नाही. वरच्या थरावर चालताना आतला विस्तव वरून दिसत नाही, म्हणून पाय भाजण्याचे प्रकार होतात. मोठ्या माणसालाही हे सगळे बाधते. फरक एवढाच, की मुलाच्या पुढे असे आणखी चाळीस हंगाम असतात.

जी कामे धोकादायक यादीत नाहीत तिथे किशोरवयीनाला ठेवता येते, पण मालकाला मोकळे रान नाही. सलग तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती द्यावीच लागते. विश्रांती आणि कामासाठी ताटकळण्याचा वेळ धरून सगळा दिवस सहा तासांत संपला पाहिजे. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही, जादा तास नाहीत, त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी काम नाही, आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. मालकाने नावानिशी नोंदवही ठेवायची असते. कायद्याच्या ‘आस्थापना’ या व्याख्येत दुकान, कार्यशाळा, हॉटेल यांच्या बरोबरीने शेतही येते, हे फारसे कोणाला माहीत नसते. बीडहून ऊसतोडीला गेलेला सोळा वर्षांचा मुलगा रात्री दोन वाजता ट्रकमध्ये मोळ्या भरत असेल, तर तो केवळ घरच्यांना हातभार लावत नसतो. कायद्याने बंद केलेल्या तासांत तो काम करत असतो.

प्रत्यक्ष तपासणीत सगळ्यात आधी अडते ते वयापाशी. मालक म्हणतो, मुलगा अठराचा आहे. बापही तेच म्हणतो, कारण उचल अजून फिटलेली नसते. जन्मदाखला सापडत नाही. शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही तारीख असते, आणि महाराष्ट्रात ज्यांची जन्मतारीख 1 जून आहे अशी माणसे घरटी सापडतात. गुरुजींनी पहिलीत नाव घालताना ती अंदाजाने टाकलेली असते. तरीही कोणताही दाखला नसण्यापेक्षा असा दाखला बरा. कागदावरून वाद मिटला नाही, तर निरीक्षक प्रकरण सरकारी डॉक्टरांकडे पाठवतो. क्ष-किरणांनी हाडांच्या टोकांची जुळणी पाहून वय ठरवतात, पण त्या अंदाजात दोन वर्षे इकडे किंवा तिकडे होऊ शकतात हे न्यायालयांनीही मान्य केले आहे. सोळा आणि अठरा यांत नेमके तेवढेच अंतर आहे. म्हणून जाणते कार्यकर्ते तपासणीच्या आधी मूळ गावच्या शाळेतून प्रवेश नोंदवहीचा उतारा काढून आणतात.

वय सिद्ध झाले, तर मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पुन्हा तोच गुन्हा केला तर किमान एक वर्ष कैद. पालकांना पहिल्या वेळी शिक्षा नाही, पुढे 10,000 रुपयांपर्यंत दंड. दंडाची रक्कम सरकारजमा होऊन संपत नाही. ती जिल्ह्याच्या पुनर्वसन निधीत मुलाच्या नावे जाते आणि तीत सरकार आणखी 15,000 रुपये घालते. या रचनेची मुळे 1996 सालच्या एका निकालात आहेत. शिवकाशीच्या काडेपेटी आणि फटाक्यांच्या कारखान्यांबद्दल एम. सी. मेहता यांनी याचिका केली होती. सर्वोच्च न्यायालयाने दर मुलामागे मालकाकडून 20,000 रुपये घेऊन ते मुलाच्या कल्याणासाठी ठेवायला सांगितले, आणि त्याच्या जागी घरातल्या मोठ्या माणसाला काम देण्याचा विचार मांडला.

भट्टीच्या बाबतीत मात्र नुसता हा कायदा लावणे अपुरे पडते. उचल फिटेपर्यंत घराला तिथून निघता येत नसेल, तर ती वेठबिगारी ठरते आणि 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागू होतो. त्याखाली मुक्तीचा दाखला मिळाला की कर्ज रद्द होते. तो घेतला नाही, तर मुलगा भट्टीवरून बाहेर येतो, पण उचल बापाच्या डोक्यावर तशीच राहते आणि पुढच्या दिवाळीला दुसऱ्या भट्टीवर तेच घर दिसते.

शाळेचे गणितही या हंगामाशी बांधलेले आहे. नियमाप्रमाणे मूल न कळवता सलग 30 दिवस गैरहजर राहिले, तर मुख्याध्यापकांनी नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवायचे असते. पण दिवाळीच्या सुट्टीतून मूल परतलेच नाही, तर तीस दिवस भरेपर्यंत घर दुसऱ्या तालुक्यात पोहोचून विटा पाडायला लागलेले असते. ही फट बुजवायला वसई भागात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच शाळा सुरू केल्या. मजुरांच्या झोपडीला तिकडे भोंगा म्हणतात, म्हणून या भोंगाशाळा. स्थलांतर करणाऱ्या पालकांची मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, आणि जी जातात त्यांना नव्या गावच्या शाळेत कागदांशिवाय प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्यात आले. हे कार्ड उपयोगी पडायचे तर ते घर निघण्याआधी, म्हणजे मुकादमाचा टेम्पो गावात येण्यापूर्वी, मुलाच्या हातात पडावे लागते.