वाजपेयींचं पहिलं सरकार 13 दिवसांचं की 16 दिवसांचं? पंतप्रधानांचा कार्यकाळ नेमका कसा मोजतात?

अटलबिहारी वाजपेयींचं 1996 चं सरकार सगळ्यांना ‘13 दिवसांचं सरकार’ म्हणूनच आठवतं. पण पंतप्रधानांच्या यादीत त्यांचा पहिला कार्यकाळ पाहिला, तर तिथे 16 मे ते 1 जून 1996, म्हणजे 16 दिवस, असं दिसतं. अशा दोन पोस्ट समोरासमोर आल्या की कमेंटमध्ये वाद ठरलेला. एकाचं म्हणणं यादी चुकली, दुसऱ्याचं म्हणणं इतिहास चुकला.

खरं तर दोन्ही आकड्यांमागे हिशेब आहे. फक्त ते दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

त्या पंधरवड्यात काय घडलं?

16 मे 1996 रोजी वाजपेयींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. लोकसभेत बहुमत जमलं नाही. विश्वासदर्शक ठरावावर मतदान होण्याआधीच, 28 मे रोजी त्यांनी राजीनामा देत असल्याचं सभागृहात जाहीर केलं. 16 आणि 28 हे दोन्ही दिवस धरून मोजलं तर 13 दिवस होतात. लोकांच्या तोंडी बसलेला आकडा हाच.

पण एच. डी. देवेगौडा यांचा शपथविधी झाला 1 जूनला. मग मधल्या दिवसांत देशाचा पंतप्रधान कोण होता? उत्तर आहे, वाजपेयीच. राष्ट्रपती राजीनामा स्वीकारताना नवं सरकार येईपर्यंत काम पाहण्यास सांगतात. यालाच ‘काळजीवाहू सरकार’ म्हणतात.

राज्यघटना काय सांगते?

‘काळजीवाहू पंतप्रधान’ असं वेगळं पद राज्यघटनेत नाही. हा शब्द प्रथेतून आलेला आहे. कलम 75 नुसार पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि पद हाती घेण्याआधी शपथ घ्यावी लागते. कलम 74 नुसार राष्ट्रपतींना सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असलंच पाहिजे.

1971 मध्ये यू. एन. आर. राव विरुद्ध इंदिरा गांधी या खटल्यात हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. लोकसभा विसर्जित झाली म्हणून पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाचं पद आपोआप संपत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. देश एक दिवसही मंत्रिमंडळाशिवाय राहू शकत नाही.

काळजीवाहू सरकारने मोठे धोरणात्मक निर्णय टाळावेत, असा संकेत आहे. अधिकार वापरण्यावर मर्यादा येते, पण पद तेच राहतं. त्यामुळे ते दिवस कार्यकाळातून वजा होत नाहीत.

मग सुरुवात आणि शेवट कुठला धरायचा?

सुरुवात म्हणजे शपथविधीचा दिवस. निकालाचा दिवस नाही किंवा संसदीय पक्षाने नेता निवडला तो दिवसही नाही.

शेवट म्हणजे पुढच्या पंतप्रधानांच्या शपथविधीचा दिवस. राजीनामा, अविश्वास, लोकसभेचं विसर्जन, निवडणुकीतला पराभव या तारखा महत्त्वाच्या असल्या, तरी त्या दिवशी खुर्ची रिकामी होत नाही.

याला अपवाद मृत्यूचा. पद्धत अशी की त्याच दिवशी नव्या पंतप्रधानांना शपथ दिली जाते. 27 मे 1964 रोजी पंडित नेहरूंचं निधन झालं आणि त्याच दिवशी गुलझारीलाल नंदांनी शपथ घेतली. नंदांना आपण ‘हंगामी पंतप्रधान’ म्हणतो. पण त्यांचा प्रकार वेगळा आहे. राजीनाम्यानंतर थांबलेले ते जुने पंतप्रधान नव्हते, त्यांनी स्वतंत्र शपथ घेतली होती. म्हणून यादीत त्यांची वेगळी नोंद असते.

दिवस मोजताना एकाचा फरक का पडतो?

समजा, 1 जूनला वाजपेयी गेले आणि देवेगौडा आले. हा दिवस दोघांच्याही खात्यात टाकला तर तो दोनदा मोजला जाईल. म्हणून शेवटच्या तारखेतून पहिली तारीख वजा करायची. 16 मे ते 1 जून हे अंतर 16 दिवसांचं. दोन्ही टोकं धरली तर 17 होतील. स्प्रेडशीटमध्ये हे असं लिहिता येतं:

```
=DATE(1996,6,1)-DATE(1996,5,16)
```

आपला हिशेब बरोबर आहे का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. लागोपाठच्या पंतप्रधानांचे दिवस मिळवून पाहायचे. 16 मे 1996 ते 19 मार्च 1998 हे अंतर 672 दिवसांचं आहे. या काळात वाजपेयींचे 16, देवेगौडांचे 324 आणि इंद्रकुमार गुजराल यांचे 332 दिवस होतात. बेरीज बरोबर 672. वाजपेयींचे 13 धरले तर बेरीज 669 येते. म्हणजे तीन दिवस देशाला पंतप्रधानच नव्हता, असा अर्थ निघेल!

काळजीवाहू काळ खूप मोठा असेल तर?

तेव्हा हा फरक दोन-तीन दिवसांचा राहत नाही. 28 जुलै 1979 रोजी शपथ घेतलेल्या चरणसिंग यांनी लोकसभेला सामोरं न जाताच 20 ऑगस्टला राजीनामा दिला. म्हणजे अवघे 23 दिवस. पण 14 जानेवारी 1980 रोजी इंदिरा गांधी परत येईपर्यंत तेच पंतप्रधान होते. एकूण 170 दिवसांपैकी 147 दिवस काळजीवाहू. यशवंतराव चव्हाण याच सरकारात उपपंतप्रधान होते, त्यामुळे त्यांच्या त्या पदाचाही बराचसा काळ काळजीवाहूच होता.

वाजपेयींच्या दुसऱ्या सरकारची गोष्टही अशीच. 19 मार्च 1998 रोजी आलेलं हे सरकार 17 एप्रिल 1999 रोजी एका मताने पडलं. म्हणून ते ‘13 महिन्यांचं सरकार’. पण निवडणुका होऊन 13 ऑक्टोबर 1999 रोजी वाजपेयींनी पुन्हा शपथ घेईपर्यंत आणखी 179 दिवस गेले. कारगिलचं युद्ध याच दिवसांत लढलं गेलं. हे दिवस वगळायचे, तर युद्धाच्या वेळी पंतप्रधान कोण होता, याचं उत्तर देता येणार नाही.

तीच व्यक्ती पुन्हा पंतप्रधान झाली तर?

मग कारकीर्द सलग मोजली जाते, पण नव्या शपथेपासून नवी टर्म सुरू होते. नरेंद्र मोदींनी 5 जून 2024 रोजी राजीनामा दिला आणि 9 जूनला तिसऱ्यांदा शपथ घेतली. मधल्या दिवसांत तेच काळजीवाहू पंतप्रधान होते. म्हणून तिसरी टर्म 9 जूनपासून, पण सलग कारकीर्द 26 मे 2014 पासून.

जुलै 2025 मध्ये मोदींनी इंदिरा गांधींचा सलग 4077 दिवसांचा विक्रम मागे टाकल्याच्या बातम्या आल्या, त्याही याच नियमाने. इंदिरा गांधींनी 22 मार्च 1977 रोजी राजीनामा दिला होता, तर मोरारजी देसाईंचा शपथविधी 24 मार्चला झाला. 24 जानेवारी 1966 पासून 24 मार्चपर्यंत मोजलं तरच 4077 येतात. राजीनाम्यापर्यंत मोजलं तर 4075.

त्यामुळे पुढच्या वेळी असा आकडा दिसला, तर आधी शेवटची तारीख पाहा. ती राजीनाम्याची असेल तर आकडा सरकार किती टिकलं ते सांगतो. पुढच्या शपथविधीची असेल तर पंतप्रधान किती दिवस पदावर होते ते सांगतो.