दातांवरून वय : १८३७ सालची इंग्लंडमधील कसोटी आणि तिच्या मर्यादा

प्रस्तावना

बालकाचे वय निश्चित करण्याची गरज बहुधा कायद्यामुळे निर्माण होते. जोपर्यंत वयावर कोणताही हक्क वा निर्बंध अवलंबून नसतो, तोपर्यंत 'आठ-नऊ वर्षांचा' एवढे वर्णन कुटुंबाला आणि गावाला पुरेसे असते. मात्र राज्यसंस्था जेव्हा वयाची एखादी रेषा आखते, तेव्हा त्या रेषेच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण हे ठरविणारा पुरावा शोधावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या संदर्भात हा पुरावा मुलाच्या तोंडात, म्हणजे त्याच्या दातांत, शोधण्यात आला. प्रस्तुत लेखात या प्रयत्नाची पार्श्वभूमी, त्यात वापरलेली पद्धत, तिच्यातून हाती आलेले आकडे आणि त्या आकड्यांचा खरा अर्थ यांचा विचार केला आहे.

१८३३ चा कायदा आणि वयाचा प्रश्न

ब्रिटिश संसदेने १८३३ साली संमत केलेल्या कारखाना कायद्याने रेशीम गिरण्यांचा अपवाद वगळता कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास मनाई केली. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, तर तेरा ते अठरा वर्षांच्या तरुणांसाठी दिवसाला बारा तास ही कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने लागू झाली. अंमलबजावणीसाठी चार कारखाना निरीक्षक नेमण्यात आले.

या कायद्यात एक मोठी उणीव होती. इंग्लंड व वेल्समध्ये जन्माची नागरी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तत्पूर्वी चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी तेवढ्या उपलब्ध होत्या. बाप्तिस्मा जन्मानंतर केव्हाही होत असे, आणि सर्वच कुटुंबे तो एकाच पंथाच्या चर्चमध्ये करून घेत नसत. त्यामुळे कायद्याने वयाचा दाखला देण्याचे काम स्थानिक डॉक्टरवर सोपविले. समोरचे मूल नऊ वर्षांच्या मुलाच्या सर्वसाधारण शक्तीचे व रूपाचे आहे, एवढे त्याने प्रमाणित करावयाचे होते. 'शक्ती व रूप' या शब्दांना कोणतेही मोजमाप नव्हते. निरीक्षक लेनर्ड हॉर्नर यांनी उंचीचा निकष पुढे आणला, परंतु उंची पोषणावर फार अवलंबून असते. अर्धपोटी वाढलेले दहा वर्षांचे मूल बुटके असू शकते आणि सुस्थितीतील आठ वर्षांचे मूल त्याच्यापेक्षा उंच असू शकते.

यात दोन्ही बाजूंचे हितसंबंध एकाच दिशेने ओढत होते. गिरणीमालकाला अधिक तास राबणारे हात हवे होते आणि पालकांना मुलाची मजुरी हवी होती. वय वाढवून सांगण्यात दोघांचाही लाभ होता. बारा वर्षांच्या मुलाला तेरा वर्षांचे ठरविले की त्याच्या कामाचा दिवस तीन तासांनी वाढत असे.

सॉन्डर्स यांची कसोटी

दात हा निकष यापूर्वी अगदीच अपरिचित नव्हता. लंडनमधील न्यायवैद्यकाचे अध्यापक अँथनी टॉड थॉमसन यांनी १८३६ च्या सुमारास असे सांगितले होते की, पहिली कायमची दाढ बाहेर आली नसेल तर मूल सात वर्षांचे झालेले नाही असे मानण्यास हरकत नाही. सात वर्षांखालील मुलास फौजदारी गुन्ह्यासाठी जबाबदार धरले जात नसल्याने या विधानाला न्यायालयीन महत्त्व होते. पुढील वर्षी, १८३७ साली, एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने गिरणीतील मुलांच्या संदर्भात दात ही वयाची कसोटी कशी ठरते हे दाखविणारी पुस्तिका प्रसिद्ध करून ती संसदेच्या सभासदांपुढे ठेवली. हेच सॉन्डर्स पुढे राणी व्हिक्टोरियाचे दंतवैद्य झाले.

कसोटीमागील तर्क साधा होता. कायमचे दात ठरावीक क्रमाने येतात. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. त्यानंतर पुढचे मधले पटाशीचे दात पडून त्यांच्या जागी कायमचे येतात आणि आठ ते नऊच्या दरम्यान त्यांच्या शेजारचे पटाशीचे दात बदलतात. नंतर उपदाढा व सुळे येतात आणि बाराव्या-तेराव्या वर्षी दुसरी कायमची दाढ दिसू लागते. म्हणून नवव्या वर्षाचे लक्षण म्हणजे चार दाढा आणि आठही कायमचे पटाशीचे दात, तर तेराव्या वर्षाचे प्रमुख लक्षण म्हणजे दुसरी दाढ.

ही तपासणी करताना दोन ठिकाणी चूक होण्याचा संभव असतो. पहिली कायमची दाढ येताना कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे पालक तिला दुधाचीच दाढ समजतात. तपासणाऱ्याने मागून पुढे दाढा मोजल्या तरच ती ओळखता येते. दुसरे असे की, पटाशीचा दात जागेवर आहे एवढ्यावरून तो कायमचा ठरत नाही. दुधाचा दात लहान, अधिक पांढरा व झिजलेला असतो. नव्याने आलेला कायमचा दात रुंद, किंचित पिवळसर आणि कडेला बारीक दंतुर असतो.

आकडे काय सांगतात

सॉन्डर्स यांनी नऊ वर्षांची ७०८ मुले तपासली. त्यांपैकी ३८९ मुलांच्या तोंडात नवव्या वर्षाची सर्व लक्षणे पूर्ण होती, म्हणजे सुमारे ५५ टक्के. मग त्यांनी एक सवलत दिली. एखाद्या गटातील चार दातांपैकी तीन पूर्ण आले असतील तर चौथाही आला आहे असे धरावे. असे केल्यावर ही संख्या ५३० वर, म्हणजे सुमारे ७५ टक्क्यांवर गेली. उरलेल्या १७८ पैकी १२६ मुले साडेआठ वर्षांची आणि ५२ मुले आठ वर्षांची भासली. तेरा वर्षांच्या गटातील ३३८ पैकी २९४ मुले, म्हणजे सुमारे ८७ टक्के, कसोटीला उतरली.

या सवलतीचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. डॉक्टरपुढे उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडात चारही पहिल्या दाढा आहेत, मधले चारही कायमचे पटाशीचे दात आहेत आणि शेजारचे तीन पूर्ण आले आहेत. चौथ्याच्या जागी दुधाचा दात हलतो आहे. काटेकोर नियमाने हे मूल नऊचे नाही, सवलतीच्या नियमाने ते नऊचे आहे. ते खरोखर नऊचे असेल तर पहिल्या नियमाने त्याची मजुरी बुडते. ते साडेआठचे असेल तर दुसऱ्या नियमाने कायद्याचे संरक्षण जाते. दात दोन्ही प्रसंगी तेच आहेत. नियम निवडताना कोणती चूक सोसावयाची हेही निवडले जाते.

येथेच या आकड्यांची मूलभूत मर्यादा दिसते. नऊ वर्षांची मुले किती प्रमाणात ओळखता येतात, हे वरील आकडे सांगतात. कायद्याचा हेतू मात्र नऊच्या आतील मुलांना गिरणीबाहेर ठेवण्याचा होता. त्यासाठी खऱ्या अर्थाने आठ वर्षांची असलेली किती मुले कसोटीतून चुकून 'नऊ' म्हणून पार होतात, हे कळणे आवश्यक होते आणि या आकड्यांतून ते कळत नाही. सवलत दिल्याने नऊ वर्षांच्या मुलांतील यश वाढले, पण त्याबरोबर आठ वर्षांच्या मुलांतील चूकही वाढणार, हे उघड आहे.

दातांच्या वाढीतील विश्रांतीचा काळ

या अडचणीमागे एक शारीरिक कारण आहे. शेजारचे पटाशीचे दात आल्यानंतर पहिली उपदाढ किंवा खालचा सुळा येईपर्यंत बहुतेक मुलांच्या तोंडात सुमारे वर्ष-दीड वर्ष नवा दात दिसत नाही. त्यामुळे साडेआठ वर्षांच्या आणि साडेनऊ वर्षांच्या मुलाचे तोंड अगदी सारखे दिसू शकते. कायद्याने आखलेली नऊ वर्षांची रेषा नेमकी या विश्रांतीच्या काळात पडली होती. त्यात मुलींचे दात मुलांपेक्षा काही महिने लवकर येतात, दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागल्यास तिच्या जागच्या उपदाढेचे वेळापत्रक मागेपुढे होते आणि जबड्यात जागा कमी असल्यास दात अडकून राहतो.

वरून शांत दिसणाऱ्या या काळात हिरडीखाली मात्र वाढ चालूच असते. दात बाहेर आल्यानंतर त्याचे मूळ पूर्ण होऊन टोक बंद होण्यास साधारण तीन वर्षे लागतात. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागल्यावर ही वाढ पाहणे शक्य झाले. दात उगवणे ही क्षणिक व सहज बाधित होणारी घटना आहे, तर मुकुट व मुळाची घडण ही दीर्घ आणि तुलनेने स्थिर प्रक्रिया आहे. १९७३ मध्ये डेमिर्जियन, गोल्डस्टीन व टॅनर यांनी खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूचे सात दात घेऊन प्रत्येकाच्या घडणीचे आठ टप्पे ठरविले आणि मुलगे व मुली यांच्यासाठी स्वतंत्र गुणतक्ते दिले. मात्र हे तक्ते फ्रेंच-कॅनेडियन मुलांवरून तयार झाले होते. भारतासह अनेक ठिकाणी ते वापरल्यावर वय प्रत्यक्षापेक्षा जास्त येते, असे आढळले आहे. संरक्षणाच्या दृष्टीने ही चूक मुलाच्या विरुद्ध जाते.

मुंबईच्या गिरण्या आणि नंतरचा कायदा

हाच प्रश्न भारतातही उभा राहिला. १८८१ च्या भारतीय कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामास बंदी केली आणि सात ते बारा वयोगटासाठी नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वयोगटाला सात तासांची मर्यादा लागू झाली. कोकण व देशावरून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या कुटुंबांतील बहुसंख्य मुलांकडे जन्माची नोंद नव्हती. परिणामी येथेही दाखला डॉक्टरच्या अंदाजावर अवलंबून राहिला.

स्वतंत्र भारतातील विधिव्यवहाराने या अंदाजाची मर्यादा स्पष्टपणे स्वीकारली. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जयमाला खटल्यात क्ष-किरण तपासणीवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक असू शकतो असे नमूद केले. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र, ते नसल्यास स्थानिक स्वराज्य संस्थेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम आहे.

निष्कर्ष

सॉन्डर्स यांनी उंची व 'रूप' यांच्यापेक्षा अधिक स्थिर निकष दिला, हे त्यांचे श्रेय मान्य करावे लागते. तथापि त्यांच्या आकड्यांवरून असे दिसते की दात हे मुलांच्या समूहाविषयी जितके खात्रीने बोलतात तितके एका मुलाविषयी बोलत नाहीत. दातांवरून वयाचा पट्टा मिळतो, तारीख मिळत नाही. कायद्याची रेषा त्या पट्ट्याच्या मध्यातून जात असेल, तर संशयाचा फायदा कोणाला द्यावयाचा हे दंतशास्त्र ठरवू शकत नाही. ते कायद्यालाच ठरवावे लागते. १८३७ साली चौथा दात आला आहे असे गृहीत धरण्यात आले, तेव्हा तो फायदा गिरणीच्या पदरात पडला.